गुलाबी झेंडे दिसले म्हणजे तेलंगणच का? (फोटोवरून जागा ओळखणे)

निनाद_क

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी ‘जागा ओळखा’ असा खेळ चालतो. एक जण फोटो टाकतो, बाकीच्यांनी गाव आणि साधारण वर्ष सांगायचं. या वेळच्या फोटोवर ग्रुपात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतोय. फोटोत माणसांचे चेहरे आहेत, त्यामुळे तो इथे चढवत नाही, वर्णन करतो.

छोट्या गावातला तिठा. पत्र्याच्या टपऱ्या, एक रसवंती, उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. रस्त्याच्या दोन्ही कडेला बांबूंवर गुलाबी झेंड्यांची रांग. मागे एका घराच्या भिंतीवर रंगवलेलं घड्याळ, बऱ्यापैकी विटलेलं, त्याखाली ‘२१ ऑक्टोबर’ एवढं वाचता येतं. डावीकडे वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स, पण त्याच्यासमोर मोटारसायकली लावल्याने खालची पट्टी अर्धी झाकलीय. दुकानाची पाटी एकही धड दिसत नाही.

झेंडे, फ्लेक्स, भिंत यांवरून काही ठामपणे सांगता येईल का?

गुलमोहर

सोप्पं आहे. गुलाबी म्हणजे केसीआर. तेलंगण. ऊस आहे म्हणजे निजामाबादची बाजू असेल. वर्ष २०१४ नंतरचं कुठलंही.

मंदार_जर्सी

मी जिओगेसर खेळतो, म्हणजे गुगलच्या रस्त्यांच्या चित्रांवरून जागा ओळखायची, त्यात भारत आला की हीच युक्ती वापरतो. काळा-लाल तमिळनाडू, पिवळा आंध्र, गुलाबी तेलंगण, विळा-हातोडा केरळ. कुणी सगळ्या राज्यांची अशी यादी करून देईल का? पाठ करून टाकतो.

अनुस्वार

मंदार, यादी करता येईल, पण ती फसवते. राज्यस्तरीय पक्षाचं चिन्ह त्याच्या राज्यापुरतंच राखीव असतं. दुसऱ्या राज्यात तेच चिन्ह दुसऱ्या पक्षाकडे असू शकतं. सायकल आंध्रात तेलुगू देसमची, उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाची. धनुष्यबाण आपल्याकडे शिवसेनेचा, झारखंडात झारखंड मुक्ती मोर्चाचा. दोन पानं तमिळनाडूत अण्णाद्रमुकची आणि शेजारच्याच केरळात केरळ काँग्रेस (एम)ची. चिन्ह एकटं पाहू नका, ते कुठल्या रंगाच्या कापडावर आहे आणि बाजूची लिपी कुठली आहे ते आधी पाहा.

निनाद, दोन प्रश्न. फ्लेक्सवर लिपी कुठली? आणि गुलाबी झेंड्याच्या मधोमध पांढरं काही आहे का?

निनाद_क

फ्लेक्स देवनागरीत, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ स्पष्ट वाचता येतंय. झेंड्यावर पांढरी आकृती आहे, नकाशा असावा. मोठं करून पाहिलं तर खाली निमुळता होत जाणारा दिसतो.

अनुस्वार

मग निजामाबाद गेलं, आणि २०१४ पण गेलं.

केसीआर यांच्या तेलंगण राष्ट्र समितीच्या झेंड्यावर तेलंगणचा नकाशा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्षाने नाव बदलून भारत राष्ट्र समिती करायचं ठरवलं, त्यानंतर झेंडा गुलाबीच राहिला पण मधला नकाशा भारताचा झाला. तुमचा नकाशा खाली निमुळता असेल तर तो देशाचा. म्हणजे फोटो ऑक्टोबर २०२२ च्या आधीचा असू शकत नाही. लिपी देवनागरी आणि मजकूर मराठी, म्हणजे महाराष्ट्र. केसीआर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये नांदेडला सभा घेतली, नंतर मराठवाड्यात आणि विदर्भात मिळून बऱ्याच सभा झाल्या, जूनमध्ये मोठा ताफा घेऊन पंढरपूरला आले. त्या काळात आपल्याकडे गुलाबी झेंडे भरपूर लागले होते.

गुलमोहर

पण अजितदादांचा गुलाबी पण असतो की! गुलाबी जाकिटं, गुलाबी गाड्या. भिंतीवर घड्याळ पण आहे. मग तर राष्ट्रवादीच.

अनुस्वार

तुमचं अर्धं बरोबर आहे. गुलाबी रंग त्यांनी उचलला तो २०२४ च्या उन्हाळ्यानंतर, विधानसभेच्या तयारीत, लाडकी बहीण योजनेच्या प्रचाराबरोबर. पण तो जाकिटांवर, बसवर आणि फ्लेक्सच्या पार्श्वभूमीवर. पक्षाचा झेंडा तिरंगी पट्ट्यांचा आणि घड्याळाचाच राहिला. इथे बांबूवर कापडी झेंडा आहे आणि त्यावर देशाचा नकाशा आहे. दोन्ही गुलाबींची गल्लत नको.

बार्शीचा_बापू

काही नाही हो, लाल बावटा उन्हात टांगून ठेवा, दोन महिन्यांत गुलाबी होतो. आमच्या सांगोल्याकडं शेकापचे झेंडे असेच विटून गुलाबी झालेले पाहिलेत. लाल झेंडा दिसला की शहरातले लोक म्हणतात केरळ. अरे, सांगोला बघा, अलिबाग-पेण बघा!

फ्लेक्सवाला

बापू, तुमचं म्हणणं कापडाला लागू आहे, पण विटलेला लाल आणि छापलेला गुलाबी यात फरक कळतो. विटलेल्या कापडात शिवणीजवळ आणि दांडीला गुंडाळलेल्या भागात मूळ लाल शिल्लक राहतो, कारण तिथं ऊन लागत नाही. निनादभाऊ, झेंड्याची दांडीकडची कड बघा, गडद लाल आहे का? आणि कापडावर घड्या दिसतात का?

ओळख सांगतो, माझा लातूरकडं फ्लेक्स आणि झेंड्यांचा धंदा आहे. सगळ्या पक्षांचं काम करतो, त्यामुळं कुणाची बाजू घेणार नाही.

निनाद_क

दांडीकडची कड एकाच रंगाची आहे. घड्या आहेत! चौकोनी रेषा दिसतात, आडव्या-उभ्या.

फ्लेक्सवाला

मग काम झालं. झेंडे गठ्ठ्यात घडी घालून येतात. बांबूला लावल्यावर वारा लागला की चार-आठ दिवसांत घडी मोडते, आणि महिना-दोन महिन्यांत वाऱ्याकडची कड फाटून दोरे निघतात. घडीच्या रेषा दिसतात म्हणजे झेंडे त्याच आठवड्यात लागलेत. असे दोन्ही कडेला रांगेनं झेंडे कुणी उगाच लावत नाही, जवळपास सभा आहे किंवा कुणाचा प्रवेश आहे.

अन् ऊस भरलेली ट्रॉली म्हणजे कारखाना चालू. आमच्याकडं गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. म्हणजे पंढरपूरची वारी-बिरी नाही, त्या वेळी जून होता.

अनुस्वार

सुंदर. मग दोनच खिडक्या उरतात. एक, २०२३ चे फेब्रुवारी-मार्च. दुसरी, २०२३ चा नोव्हेंबर. पण नोव्हेंबरमध्ये तेलंगणात त्यांची स्वतःची निवडणूक होती, ३० तारखेला मतदान, त्यामुळे इकडे सभा घ्यायला सवड नसणार. ३ डिसेंबरला निकाल लागला, सत्ता गेली, आणि महाराष्ट्रातला पक्ष पुढच्या काही महिन्यांत विरून गेला. मी पहिली खिडकी धरेन. २६ मार्चला लोहा इथे त्यांची सभा झाली होती. नांदेड जिल्हा.

केदार_जी

थांबा, भिंतीवर ‘२१ ऑक्टोबर’ लिहिलंय म्हणता ना? महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबर २०१९ ला होतं. मग फोटो २०१९ चा झाला की. एवढा काथ्याकूट कशाला?

अनुस्वार

भिंत २०१९ ची आहे, फोटो नाही. गावातल्या भिंतीवरचा प्रचार पुढचा रंग लागेपर्यंत राहतो, आणि घराला रंग निघतो तो लग्नाकार्याला. निनादने घड्याळ विटलेलं आहे असं लिहिलंच आहे.

अशा सगळ्याच खुणांचं हे असं असतं. भिंतीवरची तारीख, नवा झेंडा, नवं चिन्ह यांतून एवढंच कळतं की फोटो त्याच्या आधीचा नाही. त्यानंतर किती वर्षांनी काढला हे त्यांतून कळत नाही. एकाच फोटोत २०१९ ची भिंत आणि २०२२ नंतरचा झेंडा असेल तर सगळ्यात अलीकडची खूण धरायची. आणि ‘यानंतरचा नाही’ हे ठरवायला लवकर नाहीशा होणाऱ्या गोष्टी लागतात. इथे तुमच्या नशिबाने घडीच्या रेषा आणि ऊस मिळाला.

केदार_जी

बरं, पटलं. पण मग पक्ष फुटले त्याचा उपयोग होतो की नाही? शिवसेनेची दोन चिन्हं झाली, ते तर पक्कं आहे ना?

अनुस्वार

होतो, आणि तारखेसाठी तर फार चांगला होतो. ८ ऑक्टोबर २०२२ ला आयोगाने धनुष्यबाण गोठवला. लगेच ठाकरे गटाला मशाल आणि शिंदे गटाला ढाल-तलवार मिळाली. १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले गेले. म्हणजे ‘बाळासाहेबांची शिवसेना’ आणि ढाल-तलवार असा फ्लेक्स दिसला तर तो फक्त त्या चारेक महिन्यांत छापलेला. इतकी अरुंद खिडकी क्वचित मिळते.

मंदार, तुमच्या खेळासाठी: गुगलचं रस्त्यांचं चित्रण भारतात जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झालं, त्यात नाशिक आणि अहमदनगर पण होतं. पहिल्या टप्प्यातली चित्रं अर्थातच त्याआधीची, म्हणजे धनुष्यबाण गोठण्याआधीची. तिथे धनुष्यबाणाशेजारी उद्धवजींचा फोटो दिसला तर गोंधळू नका. चित्राच्या कोपऱ्यात महिना-वर्ष असतं, ते वाचा.

मंदार_जर्सी

खेळात तो कोपरा झाकलेला असतो ना, तिथेच तर गंमत आहे.

फ्लेक्सवाला

अनुस्वार साहेबांच्या तारखा बरोबर, पण दुकानातलं सांगतो. तारीख बदलली म्हणून फाईल बदलत नाही. गावचा कार्यकर्ता येतो, म्हणतो मागच्या वर्षीचाच डिझाइन काढ, फक्त नाव अन् फोटो बदल. कोरलड्रॉमध्ये जुनी फाईल उघडायची, मधला फोटो बदलायचा, प्रिंट. कोपऱ्यात चिन्ह जुनंच राहतं. ऑक्टोबर २०२२ नंतर आमच्याकडं असं लई झालं. काहींनी मुद्दाम ठेवलं, कारण अजून कुणाकडं जायचं ते ठरलं नव्हतं. काही जण तर म्हणायचे, चिन्हच नको, नुसता भगवा रंग ठेव.

आम्ही वाचतो ती वरची पट्टी. फ्लेक्सची एक रीत असते. सगळ्यात वर महापुरुष. त्याखाली किंवा कोपऱ्यात गोलात राज्याचे नेते. मग आमदार-खासदार जरा मोठे. मधी ज्याचा वाढदिवस तो, पूर्ण उभा, हात जोडून नाही तर फोन कानाला लावून. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. वरच्या गोलात कोण आहे आणि कोण गेलंय, त्यावरून साधारण काळ कळतो. तो कार्यकर्त्याला जपूनच लावावा लागतो, चुकला तर फोन येतो.

गुलमोहर

म्हणजे मोठे साहेब आणि दादा एकाच फ्लेक्सवर दिसले तर जुलै २०२३ च्या आधीचा. एवढं तरी नक्की?

अनुस्वार

तेही नक्की नाही. २ जुलै २०२३ ला अजित पवारांचा शपथविधी झाला, पण त्यांच्या गटाचे लोक त्यानंतरही शरद पवारांचा फोटो लावत होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२४ मध्ये त्यांचं नाव-फोटो वापरू नका असं सांगितलं गेलं. मधले आठ-नऊ महिने दोघे एकत्र दिसले तरी फ्लेक्स कुठल्या बाजूचा हे त्यावरून कळत नाही.

उलट त्याच प्रकरणातून एक पक्की खूण मिळाली. घड्याळ वापरायचं तर ते न्यायप्रविष्ट असल्याचं जाहिरातीत लिहा, असं न्यायालयाने सांगितलं. घड्याळाखाली तशी बारीक ओळ दिसली तर ती जाहिरात मार्च २०२४ नंतरची. बारीक अक्षर वाचायची सवय लावा.

पेडण्याचो

गुलमोहर, तुमचं तेलंगणचं झालं तसं आमच्याकडे बंगालचं झालं. २०२१ च्या शेवटी गोव्यात जिकडे बघाल तिकडे ममता बॅनर्जींचे फलक, दोन फुलांचं चिन्ह, ‘गोंयची नवी सकाळ’. माझा एक मित्र तेव्हाचा पणजीचा फोटो बघून म्हणाला, कोलकाता का? मागे माड बघूनसुद्धा! १४ फेब्रुवारी २०२२ ला मतदान झालं, तृणमूलला एकही जागा मिळाली नाही, आणि थोड्या महिन्यांत फलक गायब. आमच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची त्यांच्याशी युती होती, त्यामुळे एकाच फलकावर सिंह आणि फुलं. सिंह दिसला म्हणून बंगालचा फॉरवर्ड ब्लॉक समजणारेही भेटले.

बाहेरचा पक्ष नव्या राज्यात जोर लावतो तेव्हा त्याच्या मूळ राज्यातल्यापेक्षा इथेच जास्त नवे फलक दिसतात. पैसा ओतलेला असतो ना.

सीमावासी

बेळगाव-निपाणी भागाबद्दल कुणीच बोलत नाही. इथे मराठी फलक लावायला काय काय सोसावं लागतं ते महाराष्ट्रात बसून कळत नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मेळाव्याला परवानगी नाकारतात, भगवा लावला की लाल-पिवळा आडवा येतो. महाराष्ट्रातले नेते निवडणुकीपुरते येतात आणि जातात. सीमाप्रश्न सुटणार कधी?

निनाद_क

सीमावासी, विषय कळकळीचा आहे, पण इथे प्रश्न फोटो ओळखण्याचा आहे. तरी तुमच्या लिहिण्यातून एक मिळालं: मराठी फलक आणि भगवा असूनही गाव कर्नाटकात असू शकतं. मग लिपीवरून महाराष्ट्र म्हणणंही कच्चंच झालं का?

सीमावासी

हो ना! आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर कन्नड मोठं असतं, गाड्या केए २२ किंवा २३ च्या. फलक तेवढा मराठी. तुमच्या फोटोत गाड्यांचे नंबर बघा की.

संपादक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथे लिहावे. पक्षांच्या गुणदोषांची चर्चाही इथे नको. फोटो ओळखण्यापुरतं ठेवा.

शिरोळची_आक्का

मी जरा वेगळंच सांगते. आमच्या शिरोळ-कुरुंदवाडच्या बाजूला ऊसतोडीची माणसं बीडकडनं येतात, दसरा-दिवाळीनंतर. कारखान्याच्या आजूबाजूला त्यांच्या कोप्या पडतात. त्या कोप्यांवर पाऊस-थंडीला काय टाकतात माहिताय? जुने फ्लेक्स! गावाकडनं येताना गुंडाळून आणतात. त्यामुळं कोल्हापूर जिल्ह्यात उभं राहून तुम्हाला परळीच्या, गेवराईच्या, आष्टीच्या पुढाऱ्यांचे हसरे चेहरे दिसतील. कधी उलटा टाकलेला असतो, छापील बाजू आत, मग कोपीत निजलेलं पोर पुढाऱ्याच्या तोंडाकडं बघत निजतं.

मागं आमच्या भाच्यानं असा फोटो कुठल्याशा ग्रुपात टाकला तर सगळ्यांनी छातीठोकपणे ‘बीड’ सांगितलं. काळी माती, ऊस, बीडचा पुढारी, अजून काय पाहिजे! पण मागं कारखान्याची चिमणी होती, तिच्याकडं कुणी बघितलंच नाही.

फ्लेक्सवाला

आक्का, एकदम खरं. टांगलेला फ्लेक्स आणि टाकलेला फ्लेक्स यात फरक करायचा. टांगलेला लोखंडी नाही तर लाकडी चौकटीवर ताणलेला असतो, सरळ असतो. कोपीवर, सोयाबीनच्या ढिगावर, ट्रकच्या हौद्यावर पडलेला फ्लेक्स कुठूनही आलेला असू शकतो. सभा झाल्यावर लोक रातोरात उतरवून नेतात, मजबूत कापड आहे म्हणून. गाडीला लावलेला झेंडा तर अजिबात धरायचा नाही. दसऱ्याला मुंबईत शिवाजी पार्कच्या आसपास फोटो काढा, अख्ख्या महाराष्ट्राच्या तालुक्यांची नावं गाड्यांवर सापडतील.

आता निनादभाऊ, फ्लेक्सची खालची पट्टी वाचा. मोटारसायकलींच्या मधून जे काय दिसतं ते सगळं टाका. आम्ही तिथं दुकानाचं नाव अन् नंबर टाकतो, आमची जाहिरात होते. निवडणुकीच्या पत्रकावर-पोस्टरवर तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकणं कायद्यानंच सक्तीचं आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सला ती सक्ती नाही, तरी बहुतेक जण टाकतात.

निनाद_क

दोन मोटारसायकलींच्या मधून एवढं दिसतंय: ‘…र्ट्स, लोहा रोड, …’. पुढे चाक आलंय. गाड्यांचे नंबर: दोन एमएच २६, एक एमएच २२. उसाच्या ट्रॅक्टरचा दिसत नाही. मागे एक ट्रक टीएस पासिंगचा.

केदार_जी

घ्या! लोहा. अनुस्वार म्हणाले तेच. सभा पण लोह्यात. मिळालं उत्तर.

फ्लेक्सवाला

अहो केदारभाऊ, लोह्यात ‘लोहा रोड’ कसा असेल? ज्या गावातून लोह्याला रस्ता जातो तिथं त्याला लोहा रोड म्हणतात. कंधारहून लोह्याला रस्ता आहे, पालमहून आहे, अजूनही एक-दोन निघतील. लोहा सोडून त्याच्या आजूबाजूचं गाव बघा.

अन् तो पत्ता पण छापणाऱ्याचा आहे, फलकाचा नाही. खेडेगावात फ्लेक्सचं मशीन नसतं. पोरं तालुक्याला येतात, छापून नेतात, गावच्या तिठ्यावर लावतात. म्हणून हा पत्ता तालुक्यापर्यंत आणून सोडतो, गावापर्यंत नाही.

अनुस्वार

एमएच २६ नांदेड, २२ परभणी. पालम परभणी जिल्ह्यात आहे, कंधार नांदेडात. दोन विरुद्ध एक एवढ्यावर मी निकाल देणार नाही, तिठ्यावर गाड्या कुठल्याही येतात. टीएसच्या ट्रकचं तर सोडूनच द्या, तो नागपूरलाही दिसेल. त्याचा काळासाठीही उपयोग नाही. तेलंगणने मार्च २०२४ पासून टीजी सुरू केलं. टीजी दिसलं असतं तर ‘त्याआधीचा नाही’ म्हणता आलं असतं, पण जुन्या टीएसच्या गाड्या अजून फिरतातच.

फ्लेक्सवाला

मी कंधार म्हणतो. सभा लोह्याला असली तर झेंड्यांची रांग येणाऱ्या रस्त्यांवर लागते, आणि त्या मतदारसंघात लोहा-कंधार एकत्र आहे. सभेची बांधणी तिकडंच जास्त झाली असणार. पालमला चार झेंडे लागले असतील, रांग नाही.

पेडण्याचो

वाढदिवस कुणाचा ते फ्लेक्सवर लिहिलं असेल ना? तो माणूस कुठला सरपंच, सदस्य, काहीतरी असेल. नावाखाली पद असतंच.

निनाद_क

नाव आहे, पण इथे लिहीत नाही, साध्या माणसाचं आहे. नावाखाली ‘भावी जि. प. सदस्य’ एवढंच. गटाचं नाव चाकामागे.

फ्लेक्सवाला

भावी! आमचं अर्धं दुकान भावी लोकांवर चालतं. मराठवाड्यात जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या, त्यामुळं तेव्हाचे भावी पुढं बराच काळ भावीच राहिले. त्यावरून वर्ष काढायला जाऊ नका.

मंदार_जर्सी

मग माझ्या खेळाला काय उपयोग? तिथे पंधरा-वीस सेकंद असतात, घडीच्या रेषा कोण बघणार.

अनुस्वार

घाईत आधी लिपी, मग दुकानाच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर, झेंडा सगळ्यात शेवटी. तेही पहिल्या तिन्हींशी जुळला तरच. न जुळला तर झेंडा सोडून द्यायचा. एक नमुना देतो. केरळात मुस्लिम लीगचा झेंडा हिरवा, वरच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर आणि तारा. २०१९ मध्ये वायनाडच्या प्रचारातल्या त्या झेंड्यांचे फोटो पाकिस्तानचे झेंडे म्हणून देशभर फिरले. पाकिस्तानच्या झेंड्याला दांडीकडे पांढरी उभी पट्टी असते, लीगच्या झेंड्याला नसते. शेजारी मल्याळम पाट्या होत्या, पण पाहणाऱ्यांनी रंग बघून ठरवून टाकलं होतं.

बार्शीचा_बापू

मला अजून पटत नाही की ते कापड विटलेलं नाही. एवढ्या छोट्या फोटोत घडी दिसते आणि नकाशा दिसतो म्हणजे जरा जास्तच झालं.

अनुस्वार

बापूंची शंका रास्त आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि त्यातली काढल्याची वेळ-जागाही पुसली जाते. निनाद, ज्याने फोटो टाकला त्याच्याकडे मूळ फाईल मागता येईल का? ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे दाबला जाणार नाही.

निनाद_क

विचारलं. म्हणतात रविवारनंतर देतो, आत्ता दिला तर खेळाला काय अर्थ. पण मी ‘नांदेड जिल्हा, कंधार तालुका, २०२३ चा मार्च’ असं पाठवल्यावर त्यांनी नुसता अंगठा टाकलाय. अंगठा म्हणजे मिळालं की बरोबर, ते कळत नाही.

शिरोळची_आक्का

त्यांना एवढं विचारा, ऊस कुठल्या कारखान्याला चालला होता. ट्रॉलीच्या मागं कारखान्याचा नंबर रंगवलेला असतो.

निनाद_क

ट्रॉली आडवी उभी आहे आक्का, मागची बाजू दिसत नाही. मूळ फोटो आला की बघतो आणि इथेच लिहितो.